सत्तर टक्क्यांचा शब्द

दस्तगीर बागवानाचा शब्द म्हणजे शब्द. असं गावात तोच सांगत फिरायचा, तरी गोष्ट खोटी नव्हती. इंदापूरच्या बाजारात त्याचा डाळिंबाचा गाळा होता, अडतीचा धंदा. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, निवडायचा, लिलाव पुकारायचा. एकदा तोंडातून भाव निघाला की गडी अंगावर नुकसान घेईल, पण फिरायचा नाही. मग घरी आल्यावर त्या नुकसानीचा राग बायकोवर, करिमावर निघायचा, ते वेगळं. पण बाजारात वट होती, आणि त्या वटीवर तो जगत होता.

तसाच शब्द त्यानं पोरीला दिला. बानू, थोरली, बारावीला सायन्सला. तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचं होतं, बारामतीच्या कॉलेजात. दस्तगीरच्या सात पिढ्यांत कुणी इंजिनीअर झालं नव्हतं, म्हणून त्याला आनंद व्हावा की भीती वाटावी हे काही त्याचं ठरेना. शेवटी त्यानं त्याला जमणारं केलं. सौदा केला.

"हे बघ," तो म्हणाला, "सीईटीत सत्तर टक्के आण. बारामतीला घालतो, होस्टेलला ठेवतो, काय म्हणशील ते. पण न्हाय आले, तर बादशाहमामाच्या कंपनीत जायचं कामाला. रडायचं न्हाय, रुसायचं न्हाय. कबूल?"

"कबूल," बानू म्हणाली. दस्तगीरनं हात पुढं केला आणि पोरीनं त्यावर चापट मारली, बाजारात मारतात तशी. करिमा चुलीपाशी होती. तिनं नुसतं वर बघितलं आणि म्हणाली, "लेकराशी कसला सौदा करता वो?" पण तिचं ऐकतंय कोण!

परीक्षा झाली. कॉम्प्युटरवर परीक्षा, रोज दोन-दोन पाळ्या, कुणाचा पेपर सकाळी, कुणाचा दुपारी, कुणाचा चार दिवसांनी. मग मे महिन्यात उत्तरं जाहीर झाली आणि बानूनं आपली उत्तरं ताडून बघितली. बघितली आणि पोरगी घरभर नाचायला लागली. दस्तगीर जेवत होता.

"अब्बा, अठ्ठ्याण्णव! अठ्ठ्याण्णव पडतायत!"

दस्तगीरचा घास हातातच राहिला. "अठ्ठ्याण्णव? या अल्ला! शंभरात?"

"शंभरात न्हाय, दोनशेत. पण अब्बा, पेपर लई अवघड व्हता, आमच्या पाळीत सगळी रडत बाहेर आली. पर्सेंटाइल चांगला येणार."

दस्तगीरला हिशोबाला बोटं लागत नसत. दोनशेत अठ्ठ्याण्णव. "म्हंजे एकोणपन्नास टक्के," तो म्हणाला. "अर्धं पण न्हाय."

"तसं नसतं अब्बा, ह्यात टक्के बघत न्हाईत. पर्सेंटाइल म्हंजे..."

"टक्के बघत न्हाईत, मग काय तोंड बघत्यात? सौदा टक्क्याचा झाला व्हता. सत्तर. हायत का सत्तर?"

नाचणारी पोर भिंतीला टेकून उभी राहिली. दस्तगीरला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शब्द दिलेला. त्यानं ताटावरून उठून तिथल्या तिथं बादशाहला फोन लावला. बादशाह म्हणजे करिमाचा भाऊ, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंगच्या कंपनीत सुपरवायझर. एक जुलैपासून पोरीला पाठवतो, असं त्यालाही सांगून टाकलं. म्हणजे एका शब्दावर दुसरा शब्द.

जूनमध्ये निकाल लागला. बानूनं तो छापून आणला आणि अब्बासमोर ठेवला. एकूण: नव्वद.

दस्तगीरनं तो कागद उलटसुलट केला. "मागं एकोणपन्नास भरले व्हते. आता नव्वद कुठनं आले?"

"तेच सांगत व्हते. हे मार्क न्हाईत. हा पर्सेंटाइल हाय."

"मार्क कुठं हायत ह्याच्यावर?"

"मार्क लिहीतच न्हाईत, अब्बा."

झालं! परीक्षेच्या कागदावर मार्कच नाहीत! दस्तगीरनं बाजारात अशा पावत्या पाहिल्या होत्या, ज्यांच्यावर नेमकं वजनच लिहिलेलं नसतं. त्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. त्यानं चष्मा लावला आणि खालचे बारके आकडे वाचले. फिजिक्स सत्त्याऐंशी. केमिस्ट्री ब्याण्णव. मॅथ्स पंच्याऐंशी. त्यानं मनातल्या मनात बेरीज केली, तिनानं भागलं, आणि थंडपणे कागद खाली ठेवला.

"अठ्ठ्याऐंशी येतात," तो म्हणाला. "नव्वद न्हाय. ज्यानं केलाय त्याला बेरीजसुद्धा जमली न्हाय."

"कुणी केलाय?" बानूला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं. "अब्बा, तुमाला वाटतं मी हे खोटं करून आणलं?"

"मला काय वाटायचं? दोनातलं एक कायतरी खोटं हाय. एकोणपन्नास तरी, न्हायतर नव्वद तरी. सत्तर भरत न्हवते म्हणून नव्वद आणलेस. माझ्याशी खोटं बोललीस, बानू. खोटारडी निघालीस."

आता हा शब्द त्यानं वापरायला नको होता. करिमा धावून आली, "जीभ आवरा तुमची" म्हणाली, पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. बानू रडली नाही. तिनं कागद उचलला, घडी घातली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती अब्बाशी कामापुरतं बोलायला लागली. चहा घ्या. गाडीची किल्ली खुंटीला हाय. एवढंच.

आणि गावाला कोण समजावणार? करिमानं शेजारच्या छबूबाईला साखर देऊन टाकली होती, "आमच्या बानूला नव्वद टक्के." छबूबाईनं ते वेशीपर्यंत नेलं. आता दस्तगीर दिसला की जो तो म्हणायचा, "वा शेठ, नव्वद टक्के! पेढं कुठायत?" आणि दस्तगीरच्या अंगाला काटे फुटायचे. खोटा माल आपल्या गाळ्यावरून विकला जातोय आणि आपण बघत उभे आहोत, असं त्याला होई. रात्री कूस बदलून बदलून अंथरुणाचा चोळामोळा करायचा. घरी बसवेना, बाजारात उभं राहवेना.

"अवं, जाऊन विचारा की कुठंतरी," करिमा म्हणायची. "पोरीचा जीव तुटायलाय."

"काय विचारू? माझी पोरगी खोटं बोलती का, असं?"

एक जुलैला बानू न सांगता उठली, डबा भरला आणि कंपनीच्या बसला जाऊन उभी राहिली. दस्तगीर ओट्यावरून बघत होता. त्याला वाटलं होतं ती भांडेल, पाय आपटेल, मामाला फोन करेल. काही नाही. सौदा हरलेल्या माणसासारखी ती मुकाट्यानं गेली, आणि तेच त्याला सोसेना.

आता खरी निकड होती ती नावनोंदणीची. कॉलेजला जायचं तर आधी त्या सरकारी साइटवर नाव नोंदवायचं. बानूनं फॉर्म भरून ठेवला होता, पण नोंदलेला मोबाइल नंबर होता अब्बाचा. ओटीपी यायचा तो त्याच्या फोनवर. एकदा तिनं विचारलं होतं, "ओटीपी सांगता का?" आणि तो म्हणाला होता, "खोट्या कामाला माझा नंबर न्हाय." परत तिनं विचारलं नाही. करिमा मात्र रोज आठवण करून द्यायची, आणि त्या मंगळवारी सकाळी ती त्याच्या वाटेतच उभी राहिली.

"आज शेवटचा दिवस हाय. संध्याकाळी बंद होणार. मग आयुष्यभर तुमचा शब्द उराशी धरून बसा."

दस्तगीरनं चप्पल घातली आणि तो बाजारात गेला.

बाजाराचा त्या दिवशी नूरच वेगळा होता. उन्हाळ्यात गारा झालेल्या, त्याचे डाग आता फळावर मोठे झाले होते. ज्याचं त्याचं कॅरेट उघडावं तो डाग. वरकुट्याचा रामहरी त्याचं जुनं गिऱ्हाईक, त्याचाही माल डागीच, पण इतरांपेक्षा जरा बरा. दस्तगीरनं दोन फळं हातात फिरवली आणि पोऱ्याला हाक मारली, "हे पुढं घे. एक नंबर."

रामहरी हसला. "शेठ, थट्टा करता का गरिबाची? मागल्या बाजाराला ह्याच झाडाचा माल, ह्याच्याहून बरा व्हता, तवा दोन नंबरात टाकला तुमी."

"मागल्या बाजाराला सांगोल्याचा माल आला व्हता, आरशासारखा. त्याच्यापुढं तुझा दोन नंबरच. आज बघ की सगळीकडं. आजच्या आवकेत तुझ्या वर कोण हाय?"

"पण डाग हाय तो हायच ना."

"डाग कोण विचारतो? व्यापारी आज आलाय, त्याला आज घ्यायचंय. तो आज आलेल्यातलंच वरचं घेणार." असं म्हणून त्यानं लिलाव पुकारला, आणि रामहरीचा डागी माल त्या दिवसाच्या सगळ्यात वरच्या भावाला गेला. रामहरी खूश झाला. एरवी दस्तगीरही खूश झाला असता, पण त्याचं चित्तच नव्हतं. दोनदा त्यानं भाव पुकारता पुकारता खिशातला फोन बघितला. फोन गप्प. पोरगी कंपनीत, तिचा फोन तिथं लॉकरात. कोण मागणार ओटीपी?

लिलाव संपला तसा तो उठला. पोऱ्याला म्हणाला गाळा बघ, आणि मोटरसायकलला किक मारली. कुठं जायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं असं त्याला वाटत होतं, पण गाडीला ठाऊक होतं. बारामतीचा रस्ता धरला. एकदाचा छडा लावायचा. खोटं निघालं तर निघालं, पोरीला समोर बसवून विचारीन. पण हे असं जीवाला खात राहणं बास झालं.

बारामतीत एका कॉलेजच्या व्हरांड्यात प्रवेशाचं केंद्र होतं. आईबाप, पोरं, फायली, घाम. एका टेबलामागं एक तरुण सर बसले होते, त्यांचा आवाज बसलेला, सकाळपासून तेच तेच सांगून. दस्तगीरच्या पुढं एक फेटेवाले गृहस्थ भांडत होते. लोणी भापकरचे आबासाहेब, नाव त्यांनी स्वतःच तीनदा सांगितलं.

"माझ्या पोराला एकशे चार मार्क हायत, सर. एकशे चार! आन् तुमी एकोणनव्वद देता? आमच्या शेजारच्या पोराला शंभर मार्क, त्याला एक्याण्णव! हा कुठला न्याय?"

दस्तगीरचे कान टवकारले. त्यानं मध्येच तोंड घातलं, "थांबा आबा. तुमच्या पोराला एकशे चार मार्काला एकोणनव्वद? माझ्या पोरीला अठ्ठ्याण्णवला नव्वद दिलेत."

"बघा!" आबासाहेब सरांकडं वळले. "ह्यो एक अजून!"

सर पाणी प्यायले. "आबासाहेब, बसा. तुम्हीही बसा, भाऊ. हे नव्वद म्हणजे मार्क नव्हेत आणि टक्केही नव्हेत. टक्के म्हणजे पेपरातलं किती बरोबर आलं. ते मुलगा आणि पेपर यांच्यातलं. पर्सेंटाइल म्हणजे सोबत परीक्षेला बसलेल्या मुलांत तुमचं मूल कुठं उभं आहे. नव्वद म्हणजे, त्या पाळीत परीक्षेला बसलेल्या दर शंभरातली नव्वद मुलं तिच्याएवढ्या किंवा तिच्याहून कमी मार्कांची आहेत. दहाच जण तिच्या पुढं."

"मग मार्क?" दस्तगीर म्हणाला.

"मार्क तिचे अठ्ठ्याण्णवच. ते कुणी वाढवले नाहीत."

"म्हंजे एकोणपन्नास टक्के खरं?"

"खरं."

"आन् नव्वद?"

"तेही खरं. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात."

दस्तगीरला खुर्चीत बसवेना. "मग ह्यांच्या पोराला जादा मार्क असून कमी कसं?"

"त्याची पाळी वेगळी, पेपर वेगळा. त्याचा पेपर सोपा निघाला असेल, सगळ्यांनाच भरपूर पडले, मग एकशे चार मिळवूनही पुढं बरेच जण राहिले. तुमच्या मुलीचा पेपर अवघड होता, सगळेच खाली आले, त्यात अठ्ठ्याण्णव म्हणजे वरचे. दोन पेपरांचे मार्क थेट एकमेकांशी लावता येत नाहीत, म्हणून ज्याला त्याला त्याच्या त्याच्या पाळीतल्या मुलांशीच लावायचं."

आबासाहेब अजून डोकं हलवत होते. आणि दस्तगीर बागवान हळूच म्हणाला, "आवक."

"काय?" आबासाहेब म्हणाले.

"आवक हो, आबा. बाजाराला माल आणता का कधी? तुमचं पोरगं सांगोल्याचा माल आला त्या बाजाराला उभं व्हतं. माझी पोर गारपिटीच्या बाजाराला. फळ तुमचं मोठं, पण तुमच्या बाजाराला तुमच्या वर लई जण व्हते." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. सकाळी रामहरीला आपणच हे सांगितलं, अक्कल पाजळत सांगितलं. आणि घरात पोरगी तेच सांगत होती तेव्हा तिला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही.

एक आशा मात्र त्यानं सोडली नव्हती, आपण अगदीच गाढव ठरू नये अशी. "पण सर, तीन विषयांची बेरीज करून तिनानं भागलं तर अठ्ठ्याऐंशी येतात. कागदावर नव्वद हाय. ती तर चूक हाय ना?"

"नाही. एकूण पर्सेंटाइल त्या तीन आकड्यांतून काढतच नाहीत. सगळ्यांच्या एकूण मार्कांची रांग पुन्हा नव्यानं लावतात. एखादा गणितात तिच्या पुढं असेल, पण केमिस्ट्रीत पार मागं. तुमची मुलगी तिन्हीत बरी आहे, म्हणून एकूण रांगेत ती आणखी वर सरकली." सर थांबले. "हुशार आहे तुमची मुलगी. नोंदणी झाली ना? आज शेवट आहे."

दस्तगीर उठला. आबासाहेबांनी काही विचारलं, ते त्याच्या कानात शिरलं नाही.

बारामतीहून भिगवणमार्गे हायवेला लागेपर्यंत त्यानं स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या धंद्यात कुणाला घातल्या नव्हत्या. खोटारडी म्हणालो. दोन्ही आकडे खरे बोलली पोर, पहिला तर नाचत येऊन सांगितला. खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच सत्तर सांगितले असते की! एवढी साधी गोष्ट मला का दिसली नाही? पण मग दुसरा विचार आला. शब्दाचं काय? सत्तर टक्के म्हणालो होतो. हातावर हात मारून. बादशाहला कळवलं, बाजारात सांगितलं. दस्तगीर बागवान पोरीच्या रडण्याला भुलून फिरला, असं म्हणतील लोक. आणि लोणी देवकर जवळ येता येता त्याला तोड सापडली, अगदी सोपी. नव्वद सत्तरच्या वर आहेत. बास. शब्द मोडायचा प्रश्नच कुठं येतो?

कंपनीच्या फाटकाशी तो पोचला तेव्हा पहिली पाळी सुटत होती. बायाबापड्या, पोरीबाळी डबे घेऊन बाहेर पडत होत्या. बादशाह फाटकात उभा होता, मेव्हण्याला बघून पुढं आला. मागून बानू आली. डोक्याला रुमाल, हाताला पुठ्ठ्याची धूळ. अब्बाला बघून ती थबकली, मग दचकली. "अम्मीला काय झालं?"

"अम्मी बरी हाय. तुझा फोन काढ. ती साइट उघड. ओटीपी माग, मी सांगतो."

बानूनं फोन काढला नाही. "कशापायी?"

"कशापायी म्हंजे! शेवटचा दिवस हाय. मी बारामतीला जाऊन आलो, सगळं विचारून आलो. नव्वद हायत तुला. मी सत्तर म्हणालो व्हतो. नव्वद सत्तरच्या वर हायत, का न्हाईत? सौदा पुरा झाला. चल."

आजूबाजूच्या दोन-तीन बाया थांबल्या.

"अब्बा, तुमी बारामतीला विचारलं ना? मग तुमाला कळलंय. ते नव्वद टक्के न्हवत."

"आता त्यात काय..."

"सत्तर टक्के म्हणाला व्हता तुमी. टक्के माझे एकोणपन्नासच हायत. नव्वद ही माझी जागा हाय, पोरांच्यातली. त्याला सत्तराशी लावता येत न्हाय. तुमी मला खोटारडी म्हणालात, आन् आता तुमीच खोटं माप लावताय." तिचा आवाज फुटायला लागला होता, पण ती थांबली नाही. "अशी जायची न्हाय मी. उद्या कुणीतरी म्हणंल, दस्तगीरच्या पोरीला एकोणपन्नास व्हते, तिनं बापाला फसवलं. तवा तुमी पुन्हा माझ्याकडं तसंच बघाल. मी सौदा हरले, अब्बा. हरले म्हणून कामाला आले. मी माझा शब्द पाळलाय."

दस्तगीरला वाटलं कुणीतरी थोबाडीत मारली. हायवेवरून येताना जी तोड त्याला एवढी गोड वाटली होती, तिचं पोरीनं उभ्या फाटकात पितळ उघडं पाडलं. बादशाह मध्ये पडायला गेला, "बानू, बाप हाय तुझा," पण दस्तगीरनं त्याला हातानं मागं सारलं.

"तिचं खरं हाय," तो म्हणाला. "तुझे एकोणपन्नासच हायत, बानू. पहिल्या दिवशी सांगितलेस तेवढेच. तू खोटं बोलली न्हाईस. माप मला कळलं न्हवतं, आन् कळलं न्हाय म्हणून मी तुला खोटं पाडलं. सत्तर मागायचेच न्हवते. सौदाच चुकीचा केला मी."

"मग शब्द?"

दस्तगीरनं इकडं तिकडं बघितलं. फाटकात आता बरीच माणसं होती, त्यातली दोघं-तिघं इंदापूरच्या बाजारात माल आणणारी. ठीक आहे, ऐकू देत. लिलाव पुकारताना काढतो तसा आवाज त्यानं काढला.

"शब्द मोडला! ऐका रे सगळे, दस्तगीर बागवानानं शब्द मोडला. पोरीला सत्तर पडले न्हाईत तरी ती बारामतीला जाणार. बादशाह, तुला दिलेला पण मोडला. उद्यापासनं ती येणार न्हाय. काय बोलायचं ते मला बोला."

एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या की वो पोरीला शाळंला," आणि वाटेला लागली. बानूचा चेहरा वाकडातिकडा झाला आणि आत्तापर्यंत, इतके दिवस, न आलेलं रडू तिला आलं. दस्तगीर जवळ गेला. काय करावं सुचेना म्हणून त्यानं तिच्या हातातला डबा घेतला.

"आधी फोन काढ," तो म्हणाला. "मग रड."

तिनं नाक पुसत साइट उघडली. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, दस्तगीरला वाटलं आता हे बंद पडतंय. मग त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं चष्मा चाचपला. तो गाळ्यावरच राहिला होता. फोन हातभर लांब धरून त्यानं एकेक आकडा वाचला, आणि बादशाहनं तो पुन्हा तपासला. बानूनं आकडे घातले. "झालं," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "नुसती नोंदणी झालीया, अब्बा. अजून याद्या लागायच्यात. कुठं लागंल, न्हाय लागंल..."

"लागू दे कुठं लागायचं ते," दस्तगीर म्हणाला. "बस गाडीवर."

पुढच्या बाजाराला रामहरी वरकुट्याहून आला तो हसत हसतच आला. छबूबाईची बातमी तिथवर पोचली होती तर! "काय शेठ, ऐकलं ते खरं का? पोरीला किती टक्के पडले म्हणं?"

दस्तगीरनं हातातलं डाळिंब खाली ठेवलं. गाळ्यावरची सगळी माणसं बघत होती.

"एकोणपन्नास," तो छाती काढून म्हणाला. रामहरीचा चेहरा पडलेला बघून त्यानं एक कॅरेट पालथं घातलं आणि त्यावर हात थोपटला. "बस हितं. सांगतो तुला."